बर्फाच्या नद्या, पावसाच्या नद्या: वर्षभर पाणी कमीजास्त का होतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दोघींमधला फरक एका वाक्यात सांगता येईल का?

पावसाच्या नदीला पाणी कधी येणार हे पाऊस कधी पडतो त्यावर ठरतं आणि बर्फाच्या नदीला ते कधी येणार हे ऊन कधी तापतं त्यावर. डिसेंबर-जानेवारीत डोंगरावर पडलेलं पाणी बर्फ होऊन तिथेच पडून राहतं आणि मे-जूनमध्ये खाली येतं, म्हणजे पडणं आणि वाहणं यात चार-सहा महिन्यांचं अंतर पडतं. पावसाच्या नदीत हेच अंतर काही तासांचं किंवा काही दिवसांचं असतं. बाकी जे काही आहे ते या एकाच गोष्टीतून निघतं.

शाळेत शिकलो होतो की हिमालयातल्या नद्यांना बर्फाचं पाणी मिळतं म्हणून त्या बारमाही असतात आणि दख्खनच्या नद्या उन्हाळ्यात आटतात. बरोबर आहे ना?

अर्धं बरोबर आहे. परीक्षेत लिहायला ठीक आहे, पण त्यावरून लोकांचा समज असा होतो की बर्फ बाराही महिने थोडं थोडं वितळत असतं आणि नदीला सारखं पाणी मिळत राहतं. तसं होत नाही. जानेवारीत उंचावर तापमान दिवसभर शून्याच्या खाली असतं, बर्फ वितळणार कसं? वरच्या सिंधूच्या खोऱ्यात नदी सगळ्यात बारीक होते ती हिवाळ्यातच, आणि लडाखमधली झंस्कार नदी तर जानेवारी-फेब्रुवारीत वरून इतकी गोठते की लोक त्या बर्फावरून चालत जातात, तोच तो चादर ट्रेक. म्हणजे पूर्ण बर्फाच्या मुलखातल्या नदीलाही कोरडा सीझन असतोच, फक्त तो आपल्याकडे असतो तसा एप्रिल-मेमध्ये नसून थंडीत असतो.

बर्फाचा खरा उपयोग होतो तो एप्रिल ते जून या काळात, म्हणजे मान्सून यायच्या आधी. याच महिन्यांत गोदावरी, भीमा यांची पात्रं वाळूवर आलेली असतात आणि सतलज, चिनाब मात्र फुगत चाललेल्या असतात. बारमाही म्हणताना आपल्याला दिसतो तो हा फरक.

मग हिवाळ्यात या नद्यांना पाणी येतं कुठून? पूर्ण तर बंद होत नाहीत ना.

जमिनीतून. उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्यातलं आणि पावसातलं काही पाणी दगडगोट्यांच्या उतारांत, दरीच्या तळाशी साठलेल्या गाळात मुरतं आणि नंतर महिनोनमहिने झिरपत नदीत येतं. याला बेसफ्लो म्हणतात. पावसाच्या नदीतही पाऊस थांबल्यावर जे वाहतं ते हेच असतं, म्हणजे कोरड्या महिन्यांचा हिशोब दोन्हीकडे एकच, जमिनीने किती साठवलं आणि ती किती हळू सोडते.

दख्खनच्या नद्यांची अडचण इथेच आहे. खाली बेसॉल्टचा कडक खडक, पाणी साठतं ते भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या मुरूमाच्या थरात, आणि खडकाच्या आकारमानाच्या मानाने हातात येणारं पाणी साधारण एक ते तीन टक्के. जाड वाळू-गाळाच्या प्रदेशात हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या वर सहज जातं. त्यामुळे दोन ठिकाणी पाऊस अगदी सारखा पडला तरी एकीकडची नदी मार्चपर्यंत वाहील आणि दुसरीकडची डिसेंबरातच डबक्यांवर येईल. ओढा डिसेंबरात आटला की आपण लगेच म्हणतो यंदा पाऊस कमी झाला, पण कित्येकदा पाऊस बरा झालेला असतो, खाली साठवायला जागाच नसते.

पण बर्फ हळूहळूच का वितळतं? कडक ऊन पडलं की एकदम सगळं वितळून खाली का येत नाही?

कारण त्याला प्रचंड उष्णता लागते. शून्य डिग्रीच्या एक किलो बर्फाचं शून्य डिग्रीचंच पाणी करायला ३३४ किलोज्यूल लागतात, तेवढ्या उष्णतेत तेच एक किलो पाणी शून्यापासून जवळजवळ ८० डिग्रीपर्यंत तापेल. आता हिशोब करा, एका चौरस मीटरला २४ तास सरासरी २०० वॅट ऊर्जा निव्वळ वितळण्यासाठी मिळाली, आणि हे चांगलंच जास्त आहे, तर दिवसाला साधारण ५० मिलिमीटर पाणी सुटतं. त्यातही ताजं बर्फ आलेल्या उन्हातलं ८०-९० टक्के परतच पाठवतं, म्हणून प्रत्यक्षात आकडा सहसा याच्या निम्माही नसतो.

पावसाला अशी काही मर्यादा नाही. ढगफुटीची आपल्याकडची व्याख्याच आहे तासाला १०० मिलिमीटर. बर्फाला जे करायला चार-पाच दिवस लागतील ते पाऊस एका तासात करतो, म्हणून पावसाच्या नदीचा ग्राफ सुयांसारखा टोकदार दिसतो आणि बर्फाच्या नदीचा एक मोठा रुंद फुगवटा दिसतो.

आकडे घालून एकदा समजावा ना, नुसतं थिअरी कळत नाही.

चला, एक खोरं कल्पनेतलं घेऊ. ४००० मीटर उंचीच्या आसपास १०० चौरस किलोमीटर बर्फ आहे आणि त्यात सगळं मिळून ६०० मिलिमीटर पाणी साठलंय. (दोन मीटर जाड बर्फ, पण ते नुसतं भुसभुशीत नाही, दबून बसलेलं, म्हणजे एक मीटर जाडीत ३०० मिलिमीटर पाणी. ताजं पडलेलं असेल तर एक मीटरमध्ये जेमतेम १०० मिलिमीटर निघतं, म्हणून नुसती जाडी सांगून काही उपयोग नसतो.) थर्मामीटर खाली ३००० मीटरवर आहे. वर जाताना दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा डिग्रीने उतरतं, आणि शून्याच्या वरच्या प्रत्येक डिग्रीमागे दिवसाला ४ मिलिमीटर बर्फ वितळतं असं धरू. याला डिग्री-डे पद्धत म्हणतात, साधी आहे पण जगभर वापरतात.

जानेवारीत खाली उणे २ आहे, म्हणजे वर उणे साडेआठ, वितळणं शून्य. मेच्या सुरुवातीला खाली सरासरी ८, वर दीड डिग्री, दिवसाला ६ मिलिमीटर. १०० चौरस किलोमीटरवर ६ मिलिमीटर म्हणजे ६ लाख घनमीटर, त्याला दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागलं की सेकंदाला साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७ क्युमेक. जूनमध्ये खाली साडेअकरा, वर ५, म्हणजे २० मिलिमीटर आणि सुमारे २३ क्युमेक. बघा, खालचं तापमान फक्त साडेतीन डिग्रीने वाढलं आणि नदी तिपटीच्या वर गेली, कारण मोजायचं असतं ते शून्याच्या किती वर आहोत ते.

आता पुढची गंमत. ६०० मिलिमीटर साठा आणि रोज २० खर्च, म्हणजे महिन्याभरात खलास. मग ऊन कितीही तापू दे, त्या १०० चौरस किलोमीटरमधून पाणी येणारच नाही. खऱ्या डोंगरात सगळं बर्फ एकाच उंचीवर नसतं त्यामुळे असं धाडकन थांबत नाही, आधी खालचे पट्टे संपतात आणि बर्फाची रेषा वर वर सरकत जाते, तापमान एक डिग्रीने वाढलं की शून्याची रेषा दीडशे मीटर वर जाते असा ठोकताळा धरा. वितळण्याचा वेग वाढतोय आणि बर्फाचं क्षेत्र कमी होतंय, या दोघांच्या ओढाताणीत नदीचं पीक, म्हणजे सगळ्यात जास्त प्रवाह, ठरतं.

आणि तेच ६०० मिलिमीटर पाऊस म्हणून पडले असते तर?

तर चार महिन्यांत ते सरींमध्ये पडलं असतं आणि त्यातलं सुरुवातीचं बरंचसं कोरड्या जमिनीनेच पिऊन टाकलं असतं. म्हणूनच जूनमध्ये चांगला पाऊस झाला तरी ओढे लगेच वाहत नाहीत आणि ऑगस्टमध्ये तेवढाच पाऊस पडला की पूर येतो, कारण आता जमीन भिजून गच्च झालेली असते. समजा ऑगस्टमध्ये एका दिवसात १०० मिलिमीटर पडले आणि निम्मं वाहून आलं, तर ५० लाख घनमीटर, दिवसभराची सरासरी जवळपास ५८ क्युमेक, आणि छोट्या खोऱ्यात तासा-दोन तासांचं पीक त्याच्या कितीतरी पट जाईल. जूनमधल्या बर्फाच्या नदीने २३ क्युमेक महिनाभर चालवले होते, इथे ५८ एका दिवसात येऊन गेले.

पाऊस थांबल्यावर उतार सुरू. समजा ऑक्टोबरात बेसफ्लो ४ क्युमेक आहे आणि दर महिन्याला निम्मा होतो, तर नोव्हेंबरात २, डिसेंबरात १, जानेवारीत अर्धा, फेब्रुवारीत पाव, आणि त्यात विहिरी-बोअरचा उपसा सुरू असेल तर यापेक्षाही लवकर. खडक चांगला असेल तर निम्मं व्हायला दोन-तीन महिने लागतात, सगळा फरक त्या एका आकड्याचा.

बर्फ आणि ग्लेशियर म्हणजे एकच ना?

नाही हो, आणि नदीच्या बाबतीत तर अजिबात नाही. एक आहे हंगामी बर्फ, म्हणजे यंदाच्या थंडीत पडलं आणि याच उन्हाळ्यात संपलं. त्याचं पाणी साधारण एप्रिल ते जून येतं. ग्लेशियरचं बर्फ जुनं, दबून कडक झालेलं, आणि त्याच्यावर यंदाच्या बर्फाची गोधडी असते तोवर ते फारसं वितळतच नाही. ती जुलैच्या आसपास निघाली की खालचं मळकट बर्फ उघडं पडतं, ते ऊन जास्त शोषतं, आणि डिग्रीमागे ४ ऐवजी ६ ते ९ मिलिमीटर वितळायला लागतं. म्हणून ग्लेशियरच्या नदीचं पीक जुलै-ऑगस्टात येतं.

बातम्यांमध्ये सगळं खापर किंवा सगळं श्रेय ग्लेशियरला देतात, पण बऱ्याच हिमालयी नद्यांत वर्षभराच्या हिशोबात हंगामी बर्फाचा वाटा ग्लेशियरपेक्षा मोठा असतो. तो दिसत नाही कारण त्याचे फोटो कोणी काढत नाही.

लडाख-स्पितीकडे जाताना ड्रायव्हर सांगतात नाला सकाळी लवकर पार करा. का?

कारण बर्फाच्या नदीला वर्षाचं चक्र असतं तसंच दिवसाचंही असतं. रात्री गारठ्याने वितळणं मंदावतं, पहाटे पाणी सगळ्यात कमी, दुपारी ऊन चढलं की वाढतं. ग्लेशियरच्या तोंडाजवळ पीक दुपारनंतर येतं, जितकं खाली जावं तितकं उशिरा, काही ठिकाणी तर रात्री, कारण पाण्याला वाटेत वेळ लागतो. आकाश निरभ्र असताना, पावसाचा थेंब नसताना नाला सकाळी घोट्याएवढा आणि चार वाजता मांडीपर्यंत, हे तिथे नॉर्मल आहे. पावसाची सवय असलेला माणूस फसतो तो इथेच, तो ढग बघून अंदाज बांधतो.

पाऊस वर्षभर सारखा पडत असेल तर पावसाची नदी पण वर्षभर सारखी वाहील ना?

नाही, आणि हे बहुतेकांना पटत नाही. पॅरिसमधून वाहणारी सेन बघा. तिच्या खोऱ्यात पाऊस जवळपास सगळ्या महिन्यांत सारखाच, पॅरिसला महिन्याला साधारण ५० मिलिमीटर. तरी नदी जानेवारी-फेब्रुवारीत भरलेली असते आणि ऑगस्ट-सप्टेंबरात उतरलेली. कारण उन्हाळ्यात झाडं, पिकं आणि ऊन मिळून पडलेलं पाणी हवेत परत पाठवतात, नदीपर्यंत फार थोडं पोचतं. हिवाळ्यात झाडं झोपलेली, बाष्पीभवन नगण्य, जमीन ओली, पडेल ते नदीत. पॅरिसचा १९१० चा प्रसिद्ध महापूर जानेवारीत आला तो उगाच नाही.

म्हणजे पावसाच्या नदीत नुसता पाऊस बघून चालत नाही, पाऊस वजा बाष्पीभवन बघायचं.

गंगा बर्फाची की पावसाची?

कुठे उभं राहून विचारताय त्यावर आहे. देवप्रयागला, जिथे भागीरथी आणि अलकनंदा मिळतात, तिथे वर्षाच्या पाण्यातला साधारण तिसरा हिस्सा वितळलेल्या बर्फाचा. तिथून खाली जाल तसा तो वाटा कमी कमी होत जातो, कारण मैदानातला पाऊस आणि पावसाच्याच मोठमोठ्या उपनद्या येऊन मिळतात. बिहार-बंगालात गंगेचं पीक सरळसरळ मान्सूनचं असतं. सतलजचं वेगळं, भाक्राला येणाऱ्या पाण्यात सुमारे ६० टक्के बर्फ-ग्लेशियरचं, चिनाबला अखनूरजवळ निम्म्याच्या आसपास. पश्चिम हिमालयात थंडीत पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणाली, येतात आणि भरपूर बर्फ टाकून जातात, आणि मान्सून तिकडे पोचेपर्यंत दमलेला असतो, म्हणून पश्चिमेकडे जावं तसा बर्फाचा वाटा वाढतो.

ऱ्हाइन नदीत तर वाटेत पीकच बदलतं. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला ती उन्हाळ्याच्या सुरुवातीला भरलेली असते, आल्प्सच्या बर्फामुळे. पुढे माइन, मोझेल या पावसाच्या नद्या हिवाळ्यात भरून येतात आणि जर्मनीत कोलोनला पोचेपर्यंत पीक हिवाळ्यात गेलेलं असतं. दोन प्रकारचं पाणी वेगवेगळ्या महिन्यांत येत असल्याने मधल्या भागात नदी बरीच सपाट वाहते, मालवाहू बोटींना त्याचा मोठा फायदा.

एखादी नदी कुठल्या प्रकारची हे ओळखायचं कसं?

महिनेवार प्रवाहाचा डेटा मिळाला तर सगळ्यात सोपं. कोरड्या महिन्यांत, पाऊस नसताना, पाणी वाढत जातंय का ते बघा. वाढत असेल तर बर्फ आहे. मग तासातासाच्या नोंदी असतील तर रोज एक लाट दिसते का बघा, ती असेल तर शंकाच नको. डेटा नसेल तर नदीवर जाऊन बघा. ऐन उन्हाळ्यात राखाडी-दुधाळ आणि हात बधिर होईल इतकं गार पाणी असेल तर वर ग्लेशियर आहे, तो खडक दळून पीठ करतो आणि ते पीठ पाण्यात तरंगत येतं. लाल-तपकिरी गढूळ पाणी आलं तर पावसाने माती आणलीय.

हातात कंडक्टिव्हिटी मीटर असेल तर अजून एक खूण मिळते. नुकतंच वितळलेलं पाणी जवळपास क्षारविरहित, जमिनीत मुरून आलेल्या पाण्यात क्षार जास्त. त्यामुळे बर्फाच्या नदीत पाणी वाढलं की रीडिंग उतरतं, आणि थंडीत बेसफ्लोवर आली की चढतं. पण सावध राहा, पावसाच्या पुरातही रीडिंग उतरतं, म्हणून नुसत्या रीडिंगवरून निकाल देऊ नका, त्या दिवशी पाऊस होता का ते आधी बघा.

दुष्काळाच्या वर्षी कोण तगतं?

मान्सून फसला तर पावसाच्या नदीला दुसरा आधार नाही, त्या वर्षीचं पाणी गेलं ते गेलं. ग्लेशियर असलेल्या खोऱ्यात मात्र उलटं होतं, पाऊस कमी म्हणजे ढग कमी, ऊन जास्त, आणि वितळणं वाढतं. त्यामुळे वर्षावर्षातला फरक कमी होतो. हे फक्त ग्लेशियरच्या जुन्या साठ्याला लागू आहे हं, हंगामी बर्फाला नाही. थंडीत बर्फच कमी पडलं तर पुढचा उन्हाळा कोरडा, तिथे ऊन काय वितळवणार.

मग बर्फाची नदी असेल तर शेतकऱ्याला टेन्शन नाही, असंच ना?

लडाखमध्ये जाऊन विचारा. तिथे पेरणीला पाणी लागतं एप्रिल-मेमध्ये आणि उंचावरचं बर्फ जोरात सुटतं जून-जुलैत. पाणी आहे पण हवं तेव्हा नाही. तिथलेच इंजिनियर चेवांग नॉर्फेल यांनी याच साठी कृत्रिम ग्लेशियर केले, थंडीत फुकट वाहून जाणारं ओढ्याचं पाणी गावाच्या वर कमी उंचीवर अडवून गोठवायचं, म्हणजे ते लवकर वितळतं. सोनम वांगचुक यांचे हिमस्तूप त्याच विचाराचे, फक्त शंकूच्या आकाराचे, आकारमानाच्या मानाने उन्हाला कमी पृष्ठभाग मिळावा म्हणून. थंडीत वाहणारं ते पाणी म्हणजे वर सांगितलेला बेसफ्लोच.

बर्फाच्या नदीला मोठे पूर येत नाहीत का?

नुसत्या वितळण्याने सहसा येतो तो सावकाश चढणारा, बऱ्यापैकी आधी कळणारा पूर. धोका तेव्हा जेव्हा बर्फावर पाऊस पडतो किंवा वरचा एखादा तलाव फुटतो. १६-१७ जून २०१३ ला केदारनाथच्या वर दोन्ही झालं, मान्सून लवकर येऊन तुफान पाऊस, डोंगरावर अजून बर्फ होतं, आणि चोराबारी तलाव फुटून मंदाकिनीत आला. पावसाच्या नदीचा मोठा पूर वेगळ्या जातीचा, ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेला आला तसा, भिजलेल्या जमिनीवर दिवसचे दिवस न थांबता पाऊस.

तापमान वाढलं की बर्फाच्या नद्यांना पाणी वाढणार की कमी होणार?

आधी वाढणार, मग कमी होणार. ग्लेशियर जास्त वितळतो तोवर नदीला जास्त पाणी मिळतं, पण तो आकसत जातो आणि एका टप्प्यानंतर वितळायला उरलेलंच कमी असतं. या टप्प्याला पीक वॉटर म्हणतात, लहान ग्लेशियरच्या खोऱ्यांत तो लवकर येतो, मोठ्यांत उशिरा.

मला मात्र जास्त काळजीचा वाटतो तो दुसरा बदल. थंडीत बर्फाऐवजी पाऊस पडायला लागला तर वर्षाचं एकूण पाणी तेवढंच राहूनही ते फेब्रुवारी-मार्चमध्येच वाहून जातं आणि मे-जून मोकळा पडतो. म्हणजे बर्फाच्या नदीचा ग्राफ हळूहळू पावसाच्या नदीसारखा दिसायला लागतो, आणि वर्षाची बेरीज बघणाऱ्याला त्यात काहीच बिघडलेलं दिसत नाही.

मी एका नदीचा डेटा काढला, त्यात ना बर्फाचा फुगवटा दिसतो ना पावसाच्या सुया. चुकलं काय?

बहुतेक तुम्ही धरणाच्या खालच्या स्टेशनचा डेटा घेतलाय. धरण पुराचं पाणी अडवतं आणि सिंचनाला, विजेला लागेल तसं सोडतं, त्यामुळे खालच्या ग्राफमध्ये नदी कमी आणि वेळापत्रक जास्त दिसतं. धरणाच्या वरचं स्टेशन शोधा, किंवा धरणात रोज किती पाणी आलं त्या नोंदी मिळतात का बघा. आणि वर्षाची किंवा तिमाहीची सरासरी घेऊ नका, किमान महिन्याची घ्या, शक्य असेल तर रोजची.